चौघांत पारखणारं कोण

मला लहानपणापासून भीती वाटते. कशाची, ते नेमकं सांगता येत नाही, कारण ती एका गोष्टीची नसते. गॅस बंद केला का, हॉलतिकीट पिशवीत आहे का, बाबा अजून आले कसे नाहीत. गोंदियाजवळच्या कुडव्याहून कॉलेजला निघाले की स्कूटी वळवून परत यायचं आणि कुलूप ओढून बघायचं, हे माझं रोजचं. घरचे हसायचे. मीही हसायची, पण कुलूप ओढल्याशिवाय पाय पुढे पडायचा नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी या भीतीला एक इंग्रजी नाव मिळालं.

आमचा चौघांचा प्रोजेक्ट ग्रुप होता. एक गोंदियाच्या बाजारातल्या व्यापारी घरातला मुलगा. त्याला सगळा वर्ग लीडर म्हणायचा, कारण तो कुणालाही फोन लावू शकायचा आणि कुणालाही कामाला जुंपू शकायचा. दुसरा फारसा न बोलणारा, वहीच्या कडेला सर्किटं काढत बसणारा. त्याचं नाव सायंटिस्ट पडलं होतं. तिसरी माझी मैत्रीण, सालेकशाच्या जंगलाकडच्या गावातली, होस्टेलवर राहणारी, सगळ्यांचं ऐकून घेणारी. आणि चौथी मी.

आम्हाला मॅनेजमेंट शिकवणाऱ्या मॅडमनी प्रोजेक्ट सुरू होण्याआधी सगळ्या ग्रुपना बेल्बिन नावाच्या अभ्यासकानं मांडलेल्या टीममधल्या भूमिकांची प्रश्नावली दिली. प्रत्येक भागात काही वाक्यं, आणि आपल्याला लागू पडतील त्या वाक्यांवर दहा गुण वाटायचे. मॅडम म्हणाल्या, "टीमला नुसती हुशार माणसं पुरत नाहीत. वेगवेगळ्या तऱ्हेनं वागणारी माणसं लागतात. अशा नऊ तऱ्हा आहेत. एक माणूस दोन-तीन सांभाळू शकतो, म्हणून चार जणही पुरतात. पण आपल्यात कोणती जागा रिकामी आहे ते माहीत पाहिजे."

लीडर शेपर निघाला, म्हणजे ढकलून काम पुढे नेणारा. त्याच्याच खाली रिसोर्स इन्व्हेस्टिगेटर, बाहेरची माणसं आणि संधी शोधून आणणारा. सायंटिस्ट प्लांट, नवीन कल्पना काढणारा, आणि आपल्या विषयात खोल शिरणारा स्पेशालिस्ट. मैत्रीण टीमवर्कर, माणसं जोडून ठेवणारी, आणि ठरलेलं काम मुकाट उरकणारी इम्प्लिमेंटर. मी कंप्लीटर फिनिशर. शेवटची चूक सापडेपर्यंत न सोडणारी. प्रत्येक भूमिकेसोबत एक उणीव येते, असं त्या पत्रकात होतं. माझ्यासमोर लिहिलं होतं, विनाकारण काळजी करते, काम दुसऱ्यावर सोपवत नाही. ते वाचून माझे कान गरम झाले. कुणीतरी आमच्या दारातून डोकावून बघितल्यासारखं वाटलं.

मॅडमनी फळ्यावर नऊ गोल काढले आणि आमच्या ग्रुपचे भरत गेल्या. दोन मोकळे राहिले. एक को-ऑर्डिनेटर, म्हणजे कुणी काय करायचं ते सगळ्यांशी बोलून ठरवणारा. दुसरा मॉनिटर इव्हॅल्युएटर. "हा थंड डोक्यानं तोलतो," मॅडम म्हणाल्या. "घाई करत नाही, उत्साहात वाहून जात नाही. तुमच्यात पारखणारं कोणी नाही. सांभाळा."

"मॅडम, अपन चारों मिलके पारख लेंगे," लीडर म्हणाला. वर्ग हसला.

त्यानंतर ही नावं आम्ही बिल्ल्यांसारखी वापरू लागलो. लीडर कुणावर ओरडला की म्हणायचा, मी शेपर आहे, ढकलणारच. सायंटिस्ट ठरलेल्या वेळी आला नाही की म्हणायचा, प्लांटला वेळेचं भान नसतंच. आणि मी काही शंका काढली की तिघांपैकी कुणीतरी म्हणायचं, तू तर कंप्लीटर आहेस, तुला भीती वाटणारच. मग शंकेचं काही व्हायचं नाही.

प्रोजेक्टची कल्पना सायंटिस्टची होती. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा मैत्रिणीच्या गावच्या बायका उजाडायच्या आधीच झाडाखाली जातात. मोहाला अस्वलंही येतात. दरवर्षी कुणी ना कुणी जखमी झाल्याचं ऐकू येतं. सायंटिस्टनं एक डबा बनवला. झाडाला बांधायचा, तोंड जंगलाकडे. आतला सेन्सर समोरून सरकणारी अंगाची ऊब पकडतो आणि सायरन वाजतो. कॉलेजच्या आवारात तो कुत्र्यावर वाजला, आमच्यावर वाजला, चहावाल्यावरही वाजला. लीडरनं लगेच सरपंचांना फोन लावला, वनविभागातल्या एका ओळखीच्या साहेबांना सांगून ठेवलं. काम धावत सुटलं.

मला डब्याची भीती वाटत होती. पण मला रिपोर्टमधल्या स्पेलिंगचीही भीती वाटत होती, बॅटरी सैल होण्याची, सरपंचांना दिलेल्या शब्दाची, स्टेशनवरून गाडी चुकण्याची. मी सगळं एकाच आवाजात बोलायची. लीडर म्हणाला, "तेरा कुछ नहीं हो सकता." खरं सांगायचं तर माझ्या बोलण्यातून कामाची भीती कोणती आणि बिनकामाची कोणती, हे मलाही कळत नव्हतं.

पहिल्या चाचणीला आम्ही मैत्रिणीच्या घरी मुक्काम केला. पहाटे तिच्या मावशीबरोबर आणि गावच्या बायकांबरोबर झाडाखाली गेलो. टोपल्या, टॉर्च, काठ्या, आणि बायकांचं मोठमोठ्यानं बोलणं. जंगलात आपण आलोय हे कळावं म्हणून त्या मुद्दाम मोठ्यानं बोलतात. डबा लावला आणि तो वाजायलाच लागला. समोर काहीच नव्हतं. थांबवला, पुन्हा वाजला. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी जाळलेला होता, आणि राख कुठे कुठे अजून धुमसत होती. त्या उबेनं सेन्सर फसत होता.

बायका हसायला लागल्या. "बोंबलूनच राहिला हा," मावशी म्हणाली.

लीडरला ते हसणं लागलं. "सेन्सिटिव्हिटी कम कर," तो सायंटिस्टला म्हणाला. सायंटिस्टनं स्क्रू फिरवला. डबा गप्प झाला. लीडर समोरून आडवा चालून गेला, डबा वाजला. परत शांत. सगळ्यांनी मान डोलावली.

मैत्रीण डब्याकडे बघत उभी होती. मग तिनं जंगलातून येणाऱ्या पायवाटेकडे बघितलं. मग परत डब्याकडे. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही डबा मुकाटच होता, आणि बायकांना तो आवडला. तिसऱ्या पहाटे मला जाणवलं की मावशी रोजच्या झाडाशी नाही. ती जंगलाच्या बाजूला, पुढच्या मोहाखाली गेली होती. तिथे फुलं जास्त होती, एरवी कुणी एकटं जात नसे. मी हाक मारली, "मावशी, इकडे या ना."

"डब्बा हाय ना व," ती तिकडून म्हणाली. "तो सांगंल."

मला भीती वाटली. ती भीती मला अजून आठवते, कारण ती माझ्या नेहमीच्या भीतीसारखी नव्हती. नेहमीची भीती गडबड करते. ही थंड होती. डब्यानं मावशीला धीर दिला होता आणि डबा खरा की खोटा हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. बायकांचं मोठ्यानं बोलणंही कमी झालं होतं. इतकं शांत झाड मी त्या तीन दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी सायंटिस्टला सांगायला वळले, तेवढ्यात फुसकारल्यासारखा आवाज आला. आधी मला वाटलं कुणी नाक शिंकरलं. पायवाटेवर काळं काहीतरी होतं, ते सरळ डब्याच्या रोखानं येत होतं, डोकं खाली, फुलं हुंगत. डबा गप्प. अस्वल मावशीच्या आणि आमच्या मधे आलं. मला ओरडायचं होतं पण तोंडातून हवा निघाली, आवाज नाही. माझ्याशेजारी लीडरही तसाच उभा होता.

मैत्रीण ओरडली. गोंडीत काहीतरी ओरडली आणि टोपली काठीनं बडवायला लागली. मग सगळ्या बायका ओरडल्या. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा टॉर्चमध्ये दिसला. मावशी उताराकडे पळाली, पडली. अस्वलानं एकदा तिकडे तोंड केलं. तो क्षण संपतच नव्हता. मग ते खाली बसल्यासारखं झालं आणि वळून झाडीत गेलं. झाडी हलायची थांबली तरी आम्ही ओरडतच होतो.

डबा त्यानंतर वाजला. सगळ्या बायका त्याच्यासमोरून मावशीकडे धावल्या तेव्हा.

मावशीचा हात मनगटात मोडला होता. सालेकशाच्या दवाखान्यात प्लास्टर घालताना ती मलाच म्हणाली, "तू काऊन रडून राहिली? हात माझा मोडला."

परतीच्या गाडीत लीडर सायंटिस्टवर घसरला, की सेन्सरच भिकार निवडला. सायंटिस्ट म्हणाला, कमी कर म्हणून तूच सांगितलंस. मग दोघं माझ्याकडे वळले, की तू सगळं तपासतेस ना, मग हे कसं सुटलं. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती.

मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या प्रोजेक्ट बंद करतील. मला तेच हवं होतं. त्यांनी आधी मावशीची विचारपूस केली. मग डबा गावातून काढून आणायला लावला. आणि मग एकेक कागद दिला. त्यावर माणसाचे गुण सांगणारे शब्द होते, चांगले आणि वाईटही. "तुम्ही स्वतःबद्दल भरलं होतं. ते अर्धंच असतं," त्या म्हणाल्या. "आता बाकीच्या तिघांबद्दल खुणा करा. तुम्ही त्यांना काम करताना जसं पाहिलंत तसं."

माझ्याबद्दल तिघांनी काय लिहिलं असेल या धास्तीनं मी दोन दिवस नीट जेवले नाही. ते होतं तसंच होतं, काळजी, काळजी आणि बारकाई. पण मैत्रिणीचा कागद वेगळा आला. आम्ही तिघांनीही तिच्यापुढे एकसारख्या खुणा केल्या होत्या. विचार करून बोलणारी. वाहून न जाणारी. लीडरनं तर 'थंड' या शब्दावर खूण केली होती, टोमणा म्हणूनच. पण टोमणा असला तरी तो पारखणाऱ्याच्याच कोपऱ्यात पडत होता. मॅडमनी बेरीज करून फळ्यावर पुन्हा नऊ गोल काढले आणि तो मोकळा राहिलेला भरला.

"हे मी नाही भरलं," मैत्रीण म्हणाली.

"तू नाहीच भरलंस. त्यांना दिसतंय."

मैत्रिणीनं फळ्यावरच्या गोलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले दिसत होतं. पहिल्याच दिवशी."

"काय दिसत होतं?" सायंटिस्टनं विचारलं.

"लीडर आडवा चालून गेला. अस्वल पायवाटेनं येते, आन् पायवाट सरळ डब्यावर येते."

सायंटिस्टनं डोळे मिटले. तो सेन्सर समोरून आडवं जाणारं चटकन पकडतो, सरळ अंगावर येणारं उशिरा पकडतो. हे त्याला माहीत होतं, पण पायवाट त्यानं पाहिलीच नव्हती. त्यात स्क्रू फिरवून आम्ही डब्याला आणखी आंधळा केला होता.

"मग बोलली काऊन नाही?" लीडरचा आवाज चढला. मराठीत बोलला म्हणजे तो फार चिडला होता.

"तुम्ही भांडले असते," ती म्हणाली. "मले भांडण नाही पाहवत." आणि मग हळूच, "माझीच मावशी होती."

मॅडम म्हणाल्या, "टीमवर्करची हीच उणीव. ऐन वेळी वाद टाळतो. ती चालवून घ्यायची, पण तिच्यामागे लपायचं नाही. तूही नाही, आणि शेपर म्हणवणाऱ्यानंही नाही." मग त्यांनी घडी बसवून दिली. कोणतीही गोष्ट जंगलात नेण्याआधी मैत्रिणीनं हो म्हटलं पाहिजे. तिला तिचा वेळ द्यायचा, आणि ती बोलत असताना कुणी मधे बोलायचं नाही. मी माझ्या सगळ्या भीती तिच्यासमोर मांडायच्या, आणि कोणती खरी ते तिनं तोलायचं. राहिला को-ऑर्डिनेटर. तो आमच्यात कुणाचाच पहिला नव्हता. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "तुझ्या कागदावर तो मधे कुठेतरी आहे. आवडणार नाही, पण निभावशील. स्वतः तपासायचं नाही, वाटून द्यायचं."

तारा, जोडण्या, रिपोर्ट, हे दुसऱ्याच्या हातात देऊन झोपायचं म्हणजे काय असतं ते माझ्यासारखीलाच कळेल. पहिल्या आठवड्यात मी सायंटिस्टनं केलेली जोडणी गुपचूप पुन्हा तपासायला गेले, आणि मैत्रिणीनं मला तिथे पाहिलं. ती दार उघडं धरून उभी राहिली. मी बाहेर आले.

भीतींची वाटणी मात्र जमली. मी सांगायची, बॅटरी संपली तर? ती विचार करून म्हणायची, ही खरी. डबा मेला तर बायकांना कळायलाच पाहिजे. मी म्हणायची, पाऊस आला तर? ती म्हणायची, मोहात पाऊस आला तर फुलंच राहत नाहीत, ही सोड. कुणीतरी माझ्या भीतीला उत्तर देत होतं, हसत नव्हतं. भीती कमी झाली असं नाही. पण तिच्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे हे ठरायला लागलं.

खरी कसोटी सरपंचांच्या अंगणात आली. लीडरनं आधीच शब्द दिला होता, वनविभागाचे साहेबही आले होते, गावातली पन्नासेक माणसं बसली होती, मावशी गळ्यात हात अडकवून पुढेच होती. प्रत्येक मोठ्या झाडाला एक डबा लावायचा, असं ठरल्यातच जमा होतं. नवीन डबा पायवाटेला आडवा लावून आम्ही तपासला होता. लीडर घोंगडं पांघरून चार पायांवर रांगला होता. अंगणातल्या सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती, कारण गावच्या पोरांनी ती पाहिली होती. जवळ आल्यावर डबा वाजत होता. लांब असताना घोंगड्यातली ऊब डब्यापर्यंत पोचत नव्हती आणि डबा गप्प राहत होता. अस्वलाचे केस घोंगड्याहून दाट.

लीडर बोलायला उठला, तेवढ्यात मी को-ऑर्डिनेटर असल्याचं मला आठवलं. मी म्हणाले, "आधी ती बोलेल."

मैत्रीण उठली. समोर तिचे काका, तिची मावशी, तिचं सगळं गाव. लीडर तिच्या डाव्या हाताला उभा, त्याच्या जबड्याची शीर उडत होती. मला वाटलं ती आता खाली बसेल, सगळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलून.

"डबा तयार नाही," ती म्हणाली. "अस्वल जवळ आल्यावर सांगते. तवा सांगून उपयोग नाही. आमी लावू देत नाही."

साहेबांनी लीडरकडे पाहिलं. सगळं अंगण त्याच्याकडे पाहत होतं. ज्या माणसाला हसणं सहन होत नव्हतं त्याच्यासमोर हे घडत होतं. मी त्या वेळी अस्वलाइतकीच त्याला घाबरले होते.

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग सरपंचांकडे वळला. "बरोबर बोल रही है," तो म्हणाला. "डबा नहीं लगेगा. मेरी जबान थी, मैं वापस लेता हूँ." सरपंच नाराज झाले, की मग एवढं बोलावलं कायले. तो त्यांच्याशी वाद घालत राहिला, तोच ढकलणारा आवाज, तोच हट्ट, फक्त आता तिच्या बाजूनं. बायकांनी एकटीनं पुढच्या झाडाखाली जाऊ नये, पूर्वीसारखं मोठ्यानं बोलत टोळीनं जावं, हे त्यानं सरपंचांकडून वदवून घेतलं.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही न चालणारं यंत्र बनवलं?" सायंटिस्टनं ते कुठवर चालतं आणि कुठून पुढे चालत नाही ते आकृती काढून दाखवलं. त्यांनी मान हलवली. ती कौतुकानं होती की नाही ते कळलं नाही. मार्क बरे पडले, फार नाहीत.

आता मी नागपूरला नोकरी करते. मोहाचे दिवस आले की पहाटे आपोआप जाग येते. मैत्रीण गावाकडेच शिकवते, मावशी अजून मोहाला जाते, मनगट थंडीत दुखतं म्हणते. मी उठून बसते आणि फोन हातात घेते. परवा न राहवून लावलाच. मैत्रिणीनं उचलला तेव्हा मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, सगळ्या एकदम मोठ्यानं बोलत होत्या.

"काऊन लावला एवढ्या पहाटे?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हणाले. "चालू ठेव फोन. बोलू नकोस, नुसता चालू ठेव."